गहू तुमचा, दळून मोफत

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, रमजानच्या तीन आठवडे आधी कोंढव्यात पिठाची चक्की सुरू केली. खासगी नोकरी सोडलेली, बहूचे थोडे दागिने मोडलेले आणि उरलेले पैसे एका चुलत्याकडून उसने आणलेले. मशीन बसले, वीज आली. मग एका रात्री तो वहीचा कागद घेऊन माझ्याकडे आला. "खाला, तुम्ही मराठी-उर्दू दोन्ही शिकवता. हा फ्लेक्सचा मजकूर जरा तपासून द्या ना."

मी लाल पेन काढले. कागदावर सगळ्यांत वर बिस्मिल्लाह, त्याखाली ७८६, मग "शुभारंभ! शुभारंभ!! शुभारंभ!!!" त्यानंतर, "आपणा सर्वांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आपल्या सेवेत आम्ही सर्व प्रकारची धान्ये उत्तम प्रकारे दळून देण्याची सोय घेऊन येत आहोत." पुढे प्रमुख पाहुण्यांचे नाव, "योग्य दर, तत्पर सेवा", "एकदा अवश्य भेट द्या", "खास ऑफर, अटी लागू" आणि शेवटी चौदा मित्रांची नावे, शुभेच्छुक म्हणून, प्रत्येकाचा फोटो टाकायचा होता. शब्द सत्तरच्या वर गेले होते. शुद्धलेखनाच्या चुका फक्त तीन निघाल्या. पण खास ऑफर म्हणजे नेमके काय, ते कुठेच लिहिलेले नव्हते.

मी विचारले, "तू लोकांना देणार काय आहेस?"

तो म्हणाला, "पहिला आठवडा प्रत्येक घराला पाच किलो गहू फुकट दळून देणार."

"मग तेच लिही की!"

मी त्याचे सगळे खोडले आणि एक वाक्य लिहून दिले: "उद्घाटनानिमित्त ५ किलो गहू मोफत दळून मिळेल." मनात म्हटले, झाले काम. पण चूक इथेच झाली, आणि ती माझी होती.

दुकानात डिझाइन करणाऱ्या मुलाने ते वाक्य आठ फूट बाय चार फुटांत बसवले. एका ओळीत ते मावेना, म्हणून त्याने दोन ओळी केल्या. वर मोठ्या लाल अक्षरांत "५ किलो गहू मोफत" आणि खाली बारीक अक्षरांत "दळून मिळेल". नमुना भाच्याच्या मोबाइलवर आला, त्याने मला पाठवला, मी शाळेच्या स्टाफरूममध्ये घाईत पाहिला. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. "छान आहे" म्हणून कळवले. गुरुवारी फ्लेक्स लागला.

शुक्रवारी संध्याकाळी एक वयस्कर बाई रिकामी पिशवी घेऊन चक्कीवर आल्या. "बेटा, पाच किलो गहू देताय ना?" त्या बऱ्याच लांबून चालत आल्या होत्या. भाच्याला काय बोलावे सुचेना. बहूने आतून घरचे गहू आणले, दळले आणि त्यांच्या पिशवीत भरून दिले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी आल्या. रात्री त्याने फ्लेक्स उतरवला आणि मला फोन केला. ओरडला नाही, एवढेच म्हणाला, "खाला, आपण असे लिहिले नव्हते, पण दिसले तसेच."

आपण वाक्य लिहितो, पण रस्त्यावरचा माणूस पूर्ण वाक्य वाचत नाही. जे मोठे दिसते ते वाचतो आणि पुढे जातो. म्हणून फ्लेक्सचा मजकूर लिहिताना वाक्य लिहायचेच नाही, ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळ एकटी उभी राहिली तरी तिचा अर्थ खरा राहिला पाहिजे. खालची ओळ हाताने झाका आणि वरची वाचा. वरची ओळ एकटी खोटी ठरत असेल तर ती बदला. "५ किलो गहू मोफत" ही ओळ या परीक्षेत नापास होते. "सर्व मालावर ५०%" आणि खाली बारीक "पर्यंत सूट" हीसुद्धा नापास. त्या बारीक "पर्यंत"ने मी स्वतः एकदा फसले आहे. अर्ध्या किमतीत मिळेल म्हणून मुलीचा ड्रेस घ्यायला गेले, तर पन्नास टक्के फक्त हातरुमालांवर होते. ड्रेस घेतला नाही आणि त्या दुकानात पुन्हा गेले नाही.

सरकारी नियमही हेच सांगतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की, ज्यासाठी ग्राहकाला पैसे मोजावे लागतात त्याला मोफत म्हणता येत नाही. अट घालायची तर ती मूळ दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसेल अशी लिहावी, आणि अटीने दाव्याच्या उलट अर्थ होता कामा नये. आपल्या घरात तर हे त्याआधीपासून शिकवले जाते. मालातला दोष झाकून विकू नये, तसाच शब्दातला दोषही झाकू नये.

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मी गणित शिकवणाऱ्या मैत्रिणीला सोबत घेतले, कारण किती शब्द मावतील हा प्रश्न भाषेपेक्षा हिशेबाचा आहे. रस्त्यावरून स्कूटर ताशी २५ किलोमीटरने जात असेल तर ती एका सेकंदात सुमारे २३ फूट पुढे सरकते. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की, एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येते. म्हणजे सहा इंची अक्षर साठ फुटांवरून. साठ फूट पार करायला स्कूटरला अडीच सेकंद लागतात. वाहन चालवताना नजर टाकून सेकंदाला तीन शब्द वाचून होतात असे धरले, तर हाती सात शब्द आले. भाच्याचे सत्तर शब्द वाचायला त्या माणसाला चक्कीसमोर स्कूटर थांबवावी लागली असती.

ते सात शब्द शोधायला आम्हाला तासभर लागला. "उद्घाटन" आणि "शुभारंभ" आधी गेले. दुकान नवे आहे एवढे कळले तरी पुरे, उद्घाटन झाले की नाही याच्याशी दळण घेऊन येणाऱ्या बाईला काही देणेघेणे नाही. "सर्व प्रकारची धान्ये" गेले, "तत्पर सेवा" गेले. हे शब्द कोणत्याही दुकानाच्या फ्लेक्सवर चालतात, म्हणजेच ते या दुकानाबद्दल काहीच सांगत नाहीत. चौदा मित्रांचे फोटो काढायला भाचा तयार होईना. मी म्हटले, त्यांना उद्घाटनाला चहा पाज, फ्लेक्सवर त्यांच्या चेहऱ्यांनी अर्धी जागा खाल्ली तर तुझी ऑफर कुठे लिहू? "गिरणी" की "चक्की" यावर थोडा वाद झाला. आमच्या वस्तीत सगळे चक्कीच म्हणतात, शेजारच्या सोसायटीत गिरणी म्हणतात. पण चक्की सगळ्यांना कळते, म्हणून चक्की ठेवले.

मग बहू चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गहू त्यांचे आणि दळून आपण देणार, असेच सांगायचे ना?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्यांदा छापलेला फ्लेक्स असा होता:

पिठाची नवी चक्की
गहू तुमचा, दळून मोफत
घरटी ५ किलो
९ ते १५ फेब्रुवारी
(दुकानाचे नाव, जवळची खूण, फोन)

पहिल्या दोन ओळींत बरोबर सात शब्द आहेत. स्कूटरवाल्यासाठी तेवढेच. दुसऱ्या ओळीत "गहू तुमचा" आधी आल्यामुळे कुणी रिकामी पिशवी घेऊन येणार नाही. खालच्या ओळी पायी जाणाऱ्यासाठी आणि थांबणाऱ्यासाठी. खूण म्हणून आम्ही जवळची मशीद लिहिली. सर्व्हे नंबर आणि गल्ली क्रमांक फ्लेक्सवर कोणी वाचत नाही.

मापही ठरवून दिले, डिझाइनवाल्यावर सोडले नाही. चार फूट म्हणजे ४८ इंच उंची. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे सहा इंची अक्षराच्या ओळीला प्रत्यक्षात बारा इंच लागतात. ऑफरच्या ओळीला सहा इंची अक्षर, म्हणजे बारा इंच. "पिठाची नवी चक्की"ला पाच इंची, म्हणजे दहा. उरलेल्या तीन ओळींना तीन इंची, म्हणजे अठरा. बेरीज चाळीस. वर-खाली चार-चार इंच मोकळे सोडायला राहिले. या हिशेबात सहावी ओळ बसतच नाही, आणि कुणी "अजून एवढे टाका ना" म्हणाले की हाच कागद दाखवायचा. रंग पिवळ्यावर काळा, फक्त "मोफत" लाल. सोनेरी छटा, अक्षरांना दुहेरी कड, मागे गव्हाच्या शेताचा फोटो, हे सगळे मोबाइलवर सुंदर दिसते आणि दुपारच्या उन्हात रस्त्यावरून वाचता येत नाही.

नमुना तपासण्याची पद्धतही बदलली. मजकूर मोबाइलवरून पाठवला की तो युनिकोडमध्ये जातो, पण छपाईच्या दुकानात बऱ्याचदा जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. एकातून दुसऱ्यात जाताना रफार उडतो, जोडाक्षर तुटते, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. "चक्की"चे "चक् की" असे झालेले आम्हालाच सापडले. म्हणून नमुना जशाच्या तसा चित्र म्हणून मागवायचा, एक एक अक्षर बोट ठेवून वाचायचा, फोन नंबरवर खरेच फोन लावून पाहायचा आणि मग तो मजकूर माहीत नसलेल्या एखाद्याला तीन सेकंद दाखवून मोबाइल उलटा करायचा. "काय वाचलेस?" असे विचारायचे. मी माझ्या सहावीतल्या एका मुलीला विचारले. ती म्हणाली, "आपले गहू न्यायचे, दळायचे पैसे नाहीत." मगच होकार दिला.

भाच्याला एक ओळ उर्दूत हवी होती. तिथे वेगळाच धोका असतो. उर्दू मजकूर मराठी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच चिकटवला तर अक्षरे सुटी होतात आणि कधी कधी उलट क्रमाने लागतात. डिझाइन करणाऱ्याला लिपी येत नसेल तर त्याला ते कळतही नाही. उर्दू हवीच असेल तर ती इनपेजमध्ये टाइप करून घ्यावी आणि तिथून चित्र म्हणून डिझाइनमध्ये न्यावी. आम्ही फ्लेक्सवर उर्दू टाळली, कारण जागाच नव्हती. दुकानाच्या कायमच्या नामफलकावर ती ओळ घेतली. नामफलकावर मराठी देवनागरीत आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेली, असा नियम राज्यात २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे, तो पाळून.

बिस्मिल्लाहचा प्रश्न अब्बांनी सोडवला. फ्लेक्स फाटतो, गटाराशेजारी पडतो, कुणी त्याचा ओट्यावर आडोसा करतो. पत्रक तर वाचून टाकण्यासाठीच असते, दहा मिनिटांत पायाखाली येते. अब्बा म्हणाले, "मशीन सुरू करताना तोंडाने म्हणा. कागदावर नको." मग कुणी काही बोलले नाही.

आता पत्रक. पत्रक हातात धरून वाचले जाते, म्हणून त्यात फ्लेक्सवर न मावलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. मी बहूला विचारले, तू गिऱ्हाईक असतीस तर काय काय विचारले असतेस? तिने सांगितले त्याच क्रमाने लिहिले, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या कागदावर, एकाच बाजूला:

पिठाची नवी चक्की
गहू तुमचा, दळून मोफत
रविवार ९ ते शनिवार १५ फेब्रुवारी
सकाळी ८ ते १, संध्याकाळी ४ ते ९
एका घराला एकदा, ५ किलोपर्यंत.
त्यावरच्या गव्हाला किलोला ८ रुपये.
ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळ नेहमीच्या दराने.
गर्दी असली तर चिठ्ठी देऊ, ती पुढच्या आठवड्यातही चालेल.
हा कागद आणलात तर नाव लिहावे लागणार नाही.
(दुकानाचे नाव, खूण, फोन)

शेवटून दुसऱ्या ओळीवर आम्ही बराच विचार केला. भाच्याने आधी "हा कागद आणणे आवश्यक" असे लिहिले होते. पण फ्लेक्सवर तशी अट नव्हती. फ्लेक्स वाचून आलेल्या बाईला "कागद कुठे आहे?" विचारले तर भांडण ठरलेले. फ्लेक्स आणि पत्रक ही एकाच माणसाची दोन वचने आहेत, त्यांत फरक पडता कामा नये. म्हणून कागद आणणाऱ्याचे काम सोपे केले, न आणणाऱ्याचे अडवले नाही. त्याचे फक्त नाव आणि इमारत वहीत लिहायची.

चिठ्ठीची ओळही हिशेबातून आली. भाच्याचे मशीन तासाला पन्नास किलो गहू दळते. दिवसाचे दहा तास धरले तर पाचशे किलो, म्हणजे शंभर घरे. सात दिवसांत सातशे. छापणारा म्हणाला, हजार छापा की पाच हजार, दरात फार फरक नाही. भाचा पाच हजारांकडे झुकला होता. पण पत्रके किती छापायची हे छापणाऱ्याचा दर ठरवत नाही, आपले मशीन ठरवते. हजार छापली. सगळे येत नाहीत, पण आलेच तर चिठ्ठी आहे.

त्या हजारांचे तीन गठ्ठे केले आणि कोपऱ्यात पेनाने खूण केली. "अ" खुणेची पाचशे वर्तमानपत्रात घालायला दिली. "ब" खुणेची तीनशे बहू आणि तिच्या बहिणीने आसपासच्या इमारतींत दारोदार दिली. "क" खुणेची दोनशे शाळा सुटताना मुलांना घ्यायला येणाऱ्या आयांच्या हातात दिली. आठवड्याने परत आलेले कागद मोजले: अ एकवीस, ब चौसष्ट, क अठ्ठावन्न. याशिवाय नव्वद-एक घरे नुसता फ्लेक्स पाहून आली. प्रत्येक वस्तीत आकडे वेगळे येतील, पण खूण केलेली असेल तर पुढच्या वेळी पैसे कुठे घालायचे हे आपल्याच कागदावरून कळते. भाच्याने ईदच्या आधी शेवया आणि मसाल्यासाठी दुसरे पत्रक काढले. या वेळी वर्तमानपत्राचा खर्च वाचवला.

लावण्याबद्दल एवढेच सांगते. फ्लेक्स स्वतःच्या दुकानाच्या तोंडावर लावा. चौकातला खांब, झाड, सिग्नल यांवर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाच्या परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि १९९५च्या मालमत्ता विद्रूपणविरोधी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याच पुण्यात जुना बाजार चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळून चार जण गेले. आपला फ्लेक्स तेवढा जड नसतो, पण सुटलेला दोर आणि लाकडी पट्टी स्कूटरवाल्याच्या तोंडावर यायला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

थोडक्यात आणि नेमके लिहिणे पुण्याला नवे नाही. बाजीराव रोडवरच्या चितळे बंधूंचे "दुपारी १ ते ४ बंद" सगळ्या महाराष्ट्राला पाठ होते. त्यावर लोक हसले, पण चार वाजायच्या आत कुणी फुकट हेलपाटा घातला नाही. २०१७ मध्ये ते दुकान दुपारीही उघडे राहू लागले, तेव्हा त्याची बातमी झाली. शब्द खरा असला की लोक तो इतका धरून ठेवतात.

१५ तारखेला रात्री नऊ वाजता मी भाच्याला फोन केला आणि फ्लेक्स उतरवलास का, असे विचारले. तो म्हणाला, "उद्या उतरवतो, थकलोय." मी म्हटले, आत्ताच उतरव. उद्या सकाळी कुणी पिशवी घेऊन आले आणि तू तारीख दाखवलीस, तर तुझे बरोबर असेल, पण ती बाई परत जाईल. त्याने शिडी लावली. रिकामी पिशवी घेऊन आलेल्या त्या वयस्कर बाईंचे पीठ मात्र अजूनही तो दळून देतो. गहू आता त्या स्वतः आणतात.